दीडशे पानं, दोन पंगती

मुंजीचा मुहूर्त भटजी मिनिटाच्या हिशेबाने सांगतात. जेवणाची वेळ मात्र कोणीच नक्की सांगू शकत नाही. मुहूर्त अकरा वाजून पाच मिनिटांचा असला तरी अक्षता पडल्यावर होम असतो, बटूला मंत्राचा उपदेश असतो, भिक्षावळ असते, आणि हल्ली फोटोवाल्याचा अर्धा-पाऊण तास त्यात मिसळतो. पाहुण्यांपैकी निम्मे अक्षता टाकून लगेच पानावर बसायला तयार होतात. घरचे, जवळचे आणि गुरुजी जेवतात तेव्हा दोन वाजलेले असतात. म्हणजे एकच स्वयंपाक पावणेदोन-दोन तास वाढायला गरम राहायला हवा. मुंजीचा बेत ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारावा: शिजल्यावर दीड तासाने हा पदार्थ कसा असेल?

बहुतेक घरांत बेत उलट्या बाजूने ठरतो. आधी गोड काय ते ठरतं, मग भजी हवीतच असा आग्रह होतो, कोणाला तरी पनीरची भाजी आठवते, आणि भात-वरण शेवटी गृहीत धरलं जातं. पण मुंजीच्या पानातला तोच भाग चुकतो आणि तोच लोकांच्या लक्षात राहतो. दीडशे हा आकडाही अवघड आहे. घरच्या चार बायकांनी मिळून करण्याच्या तो पलीकडचा आहे, आणि मोठ्या केटररला तो छोटा वाटतो. तो मुख्य आचाऱ्याऐवजी मदतनीस पाठवतो. म्हणून यजमानाला स्वतःला थोडं कळलेलं बरं.

एक उदाहरण घेतो. साताऱ्यात, वैशाखात, आमच्या नात्यातली मुंज. कार्यालयाचं स्वयंपाकघर मिळालेलं, त्यात दोन मोठ्या भट्ट्या आणि एक घरगुती शेगडी. एक आचारी, दोन मदतनीस, पुऱ्या लाटायला दोन बायका आणि पाच वाढपी. सभागृहात एका वेळी पंचाहत्तर पानं मांडता येतात, त्यामुळे दोन पंगती: पहिली सव्वाबाराला, दुसरी सव्वाएकला. बेत असा ठरला: साधा भात, वरण, तूप, मसालेभात, अळूची पातळ भाजी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, चटणी, पुरी, कुरडई-पापड, जिलेबी आणि मठ्ठा. कोणाला हे साधं वाटेल. पण यातल्या प्रत्येक पदार्थाला त्या जागी असण्याचं कारण आहे.

उष्णतेचा नियम सोपा आहे. पदार्थ जितका ओला, दाट आणि एकगठ्ठा, तितका तो सावकाश निवतो. तो निवतो पृष्ठभागावरून आणि उष्णता साठते पोटात. मोठ्या पातेल्यात पोट मोठं असतं आणि त्या मानाने पृष्ठभाग लहान. वीस लिटर वरण झाकण लावून जाड गोणपाटावर ठेवलं तर तासाभराने झाकण काढताच तोंडावर वाफ येते. तेच वरण बफेच्या उथळ भांड्यात चार बोटं जाडीचं ठेवलं तर पहिल्या रांगेनंतर कोमट व्हायला लागतं. म्हणून पदार्थ वाढायला निघेपर्यंत मोठ्या पातेल्यातच राहू द्यावा. बादलीत किंवा बफेच्या भांड्यात एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपुरताच काढावा आणि पुन्हा भरून न्यावा. बफे असेल तर खालच्या पात्रात पाणी उकळतंच ओतावं. जेलची ज्योत आधीच गरम असलेलं गरम ठेवते. गार पाणी तापवायची तिची ताकद नसते, आणि बऱ्याच कार्यालयांत नेमकं तेच तिच्याकडून करून घेतात.

या कसोटीवर अळूच्या भाजीला पहिला नंबर द्यावा लागतो. ती ओली, दाट आणि बेसनाने बांधलेली असते, आणि मुरली की जास्त चांगली लागते. तिला सगळ्यात आधी भट्टीवर चढवता येतं, हा तिचा मोठा फायदा. आमच्याकडे नऊच्या सुमारास अळू चढला आणि सव्वादहाला उतरला. मोठ्या प्रमाणात करताना मात्र एक क्रम पाळावाच लागतो. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि अळूचे देठ आधी पूर्ण शिजू द्यायचे आणि चिंच नंतर घालायची. आंबटात डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो. चिंच आधी पडली तर दीड किलो डाळ तासभर उकळूनही दाताखाली येते. म्हणून चिंच शेवटी, पण घालायची विसरायची नाही, कारण अळूची खाज तीच मारते. चिंच घातल्यावर दहा-पंधरा मिनिटं चांगली उकळी यायला हवी. भांड्याकडेही लक्ष हवं. कार्यालयांत पितळेची जुनी पातेली असतात आणि आतली कल्हई गेलेली असते. अशा पातेल्यात चिंचेची भाजी कळकते, हिरवट होते आणि तिला धातूची चव लागते. पातेल्यात डोकावून कल्हई बघावी. शंका वाटली तर अळू आणि मठ्ठा स्टीलमध्येच करावा.

वरण गरम राहतं, पण त्याला दोन खोडी असतात. ते घट्ट होत जातं आणि तळाला लागतं. चार किलो तुरीच्या डाळीचं साधारण वीस लिटर वरण होतं, ते दीडशे पानांना पुरतं. साडेदहाला पळीवरून सहज ओघळणारं वरण साडेबाराला गोळ्यासारखं पडायला लागतं. वाढपी मग जवळच्या पिंपातलं गार पाणी ओततो, आणि एवढा वेळ राखलेली उष्णता एका तांब्यात जाते. यावर उपाय म्हणजे छोट्या शेगडीवर सकाळपासून आधणाचं पाणी उकळत ठेवणं आणि वरण सैल करायला तेच वापरणं. तळाला लागू नये म्हणून पातेल्याखाली जाड लोखंडी तवा ठेवून अगदी बारीक आचेवर ठेवावं आणि दर दहा मिनिटांनी तळापासून ढवळावं. तरीही करपल्याचा वास आलाच तर पळी तळाला न लावता वरचं वरण हळूच दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यावं. घाबरून खरवडलं की तो वास सगळ्या वरणात उतरतो आणि मग त्याला उपाय नाही.

खरी परीक्षा भाताची. मसालेभात घरी एक वाटीला दोन वाट्या पाण्यात होतो, म्हणून नऊ किलोला त्याच मापाने पाणी घेतलं की भाताचा लगदा होतो. मोठ्या पातेल्यात तोंडाच्या मानाने पोट मोठं असतं, त्यामुळे वाफेवाटे पाणी कमी उडतं. जुना तांदूळ असेल तर दुपटीपेक्षा थोडं कमी, साधारण पावणेदोन पट, पाणी पुरतं. कोलम घ्यावा. आंबेमोहोराचा वास सुंदर, पण तो मऊ आणि चिकट. मोठ्या पातेल्यात वरच्या भाताच्या वजनाखाली तळाचा आंबेमोहोर चेपतो. तो साध्या भाताला घ्यावा, आणि तिथेही छोट्या घाण्यातच.

भातात कोणती भाजी घालायची हेही दीड तासाच्या हिशेबानेच ठरतं. तोंडली उत्तम, ती शिजूनही उभी राहतात. मटार चालतात, पण झाकणाखाली त्यांचा हिरवा रंग फिकट होतो. फ्लॉवर नको, कारण तो दडपून ठेवला की त्याला उग्र वास सुटतो आणि तो भातभर पसरतो. वांग्याचा लगदा होतो. गोडा मसाला निम्मा फोडणीत आणि निम्मा भात अर्धवट शिजल्यावर घातला तर दोन तासांनीही वास राहतो. ओलं खोबरं आणि कोथिंबीर पातेल्यात मिसळूच नये. वैशाखातल्या दुपारी गरम भातात मिसळलेलं खोबरं आंबूस व्हायला वेळ लागत नाही. ते वाटीत वेगळं ठेवून पानावर वरून घालावं. आणि भात अगदी पूर्ण शिजायच्या आधी, शितात किंचित कणी असतानाच, उतरवावा. उरलेला तो आतल्या उष्णतेवर होतो.

आमच्या आचाऱ्याने नऊ किलोचा भात एकदम लावला नाही. साडेचार-साडेचार किलोचे दोन घाणे केले. पहिला अकराच्या थोडा आधी चढला, अकरा पस्तीसला उतरला आणि गोणपाटात गुंडाळून बाजूला ठेवला. दुसरा पहिल्या पंगतीला वाढणं सुरू असताना, सव्वाबाराच्या आसपास, चढला. त्याने कारणही सांगितलं: "दादा, पहिल्या पंगतीत किती पानं उठतात ते मोजून मला सांगा. मग दुसऱ्याला हात घालतो." पहिल्या पंगतीत बासष्ट पानं उठली होती. बाहेर मंडपात अजून किती आहेत याचा अंदाज घेऊन त्याने दुसरा घाणा चार किलोवर आणला. सगळा भात सकाळी दहालाच शिजवून ठेवला असता तर भात गार झाला असताच, शिवाय माणसं कमी आली म्हणून करण्यासारखं काही उरलं नसतं. दुसऱ्या पंगतीला ताजा भात मिळणं आणि उरणारं कमी होणं ही दोन्ही कामं एकाच निर्णयाने झाली.

साधा भात आणखी नाजूक. सहा किलो तांदळाचा एकच भात केला तर वर कोरडा आणि खाली चिकट होतो. तो तीन-तीन किलोचा दोनदा, भरपूर उकळत्या पाण्यात शिजवून, पाणी वेळून काढून, मग मंद वाफेवर झाकून ठेवावा. पेज निघून गेल्यामुळे शितं सुटी राहतात आणि गोळे होत नाहीत. यासाठी आधण आधीच उकळतं हवं. छोटी शेगडी सकाळपासून पाण्याला राखून ठेवली होती ती यासाठीही. भात लावताना गार पाण्याने सुरुवात केली की वीस-पंचवीस मिनिटं नुसती उकळी यायलाच जातात आणि सगळं वेळापत्रक सरकतं.

भाताची मूद पानावर पडली की ती झपाट्याने निवते, कारण ती छोटी असते. पंगतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी असं वाढत वाढत भात येतो. मग तूप, मग श्लोक, मग यजमान फिरून विनंती करतात. भात आधी वाढला तर पहिला घास घेईपर्यंत दहा मिनिटं सहज जातात. म्हणून भात-वरण-तूप हे सगळ्यात शेवटी, आणि पाच वाढप्यांपैकी तिघांनी एकदमच, एक भात, एक वरण आणि एक तूप घेऊन एकामागे एक वाढत जावं. या एका बदलाने आमच्या पंगतीत वरण-भाताची वाफ लोकांच्या नाकापर्यंत पोचली.

मुंजीला सकाळी एक छोटा स्वयंपाक वेगळा लागतो, तो आचाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावा. मुहूर्ताआधी मातृभोजन असतं. बटू आईबरोबर जेवतो आणि अष्टवर्गातले आठ मुलगे पानाला बसतात. त्यासाठी साडेआठ-नऊला थोडं वरण, भात, एक भाजी आणि गोड तयार हवं. मोठ्या पातेल्यातून ते निघणार नाही, कारण मोठं पातेलं तेव्हा अजून चढलेलं नसतं. एक-दीड किलो तांदळाचा छोटा कुकर यासाठी वेगळाच लावावा. हे विसरलं की आचाऱ्यावर घाई येते, मोठा स्वयंपाक तास-दीड तास लवकर चढतो आणि मग पहिल्या पंगतीपर्यंत निवतो.

आता पुरी. गरम राहण्याच्या बाबतीत ती बेतातली सगळ्यात कमकुवत गोष्ट. दीडशे माणसांना चार-चार धरल्या तर सहाशे पुऱ्या, म्हणजे नऊ किलो कणीक. मोठ्या कढईत एका वेळी सात-आठ पुऱ्या सुटतात. लाटणाऱ्या दोघी आणि तळणारा एक, असा हात चांगला बसला तर तासाला साधारण चारशे निघतात. म्हणजे पंचाहत्तर पानांच्या तीनशे पुऱ्यांना पाऊण तास लागतो, आणि पहिल्या तळलेल्या तोवर निवतात. गरम पुऱ्या डब्यात झाकून ठेवाव्यात असं वाटतं, पण त्या स्वतःच्या वाफेत चिवट होतात. बांबूच्या पाटीत कापड घालून मोकळ्या ठेवलेल्या कोमट पुऱ्या जास्त बऱ्या लागतात. आम्ही दोनशे पुऱ्या पंगतीच्या आधी तळल्या आणि बाकीच्या वाढताना. भट्टी पावणेबारापासून दीडपर्यंत पुरीलाच दिलेली होती. कणीक दोन वेळा भिजवली, कारण उन्हाळ्यात भिजवलेली कणीक दोन तासांत सैल पडते आणि तेल पिते. हाताशी तळणारा माणूस नसेल तर पुरी काढून पोळ्या बाहेरून करून घ्याव्यात. कापडात बांधलेल्या पोळ्या गरम नसतात, पण दोन-तीन तास मऊ राहतात.

याच कारणाने भजी बेतातून काढली. भजी तळल्यावर दहा मिनिटांत नरम पडतात, आणि त्यासाठी आणखी एक कढई, एक माणूस आणि एक भट्टी अडकते. कुरडई-पापड तळून झाल्यावर गार होऊ द्यायचे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे. ते तासा-दोन तासांनी तसेच कुरकुरीत असतात. पानातली कुरकुरीत जागा भरते आणि गरम ठेवायचा प्रश्नच येत नाही. गोडाला जिलेबी निवडली तीही यासाठी. श्रीखंड मुंजीला शोभतं, पण ते दुपारभर थंड ठेवायला बर्फ आणि पेट्या हव्यात, आणि उन्हात पातळ झालं की आंबट लागतं. जिलेबी खोलीच्या तापमानाला चालते. सकाळी केलेली दुपारी कडक असते आणि मठ्ठ्याशी तिची जोडी जुनीच आहे. तळायला भट्टी शिल्लक नव्हती, म्हणून अकरा किलो जिलेबी हलवायाकडून मागवली.

बटाट्याची भाजी कोमट चालते, म्हणून तिच्यावर फार जीव टाकू नये. बटाटे सकाळी आठलाच उकडून, सोलून, पसरून ठेवावेत. चौदा किलो पुरतात. गरम-गरम फोडी ढवळल्या की पिठूळ होतात, थोड्या निवल्या की उभ्या राहतात. कोशिंबिरीत मीठ पंगतीच्या आधी पाच मिनिटं घालावं, आणि तेही त्या पंगतीपुरत्या कोशिंबिरीतच. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं आणि ते पानावर भातापर्यंत वाहतं.

गरम आहे की नाही हे कसं ओळखायचं? वरचा थर बघून नाही. पळी पातेल्याच्या मधोमध तळापर्यंत घालून बाहेर काढावी. वाफ सरळ उठली तर ठीक, पण ओठाला लावल्यावर सहन होत असेल तर पदार्थ कोमटाकडे झुकला आहे. सळईचा डिजिटल तापमापक काही शे रुपयांना मिळतो, तो एक आचाऱ्याजवळ ठेवावा. मधला आकडा ६० अंशांच्या वर असेपर्यंत काळजी नसते. त्याखाली यायला लागला की वरण आणि अळू पुन्हा खळखळून उकळावेत. भात उकळता येत नाही. त्यावर उकळत्या पाण्याचा हबका मारून, खाली तवा घालून, झाकणावर जड वस्तू ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं वाफ द्यावी.

भाताबद्दल इथे जास्त काळजी घ्यावी, कारण गोष्ट चवीपुरती नाही. तांदळात 'बॅसिलस सेरियस' नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजतानाही मरत नाहीत. भात कोमट स्थितीत तासन्‌तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. कार्यानंतर 'जेवण बाधलं' म्हणतात त्यामागे असा भातही असू शकतो. उरलेल्या भाताचं मोठं पातेलं झाकून संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात ठेवणं हे सगळ्यात वाईट. मोठं पोट जसं गरम राखतं तसंच ते कोमटही राखतं.

म्हणून दुसरी पंगत उठताच उरलेलं वाटून टाकायची व्यवस्था आधीच करून ठेवावी. कार्यालयातली कामाची माणसं, वाढपी आणि लाटणाऱ्या बायका यांना आधी बसवावं. त्यांचं जेवण अडीचपर्यंत झालं पाहिजे, अन्न गरम असतानाच. घरी न्यायचा भात दोन-तीन परातींत पातळ पसरून पंख्याखाली निववावा आणि लहान डब्यांतून लगेच फ्रिजमध्ये जाऊ द्यावा. वरण आणि अळूही तसेच लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खळखळून उकळून घ्यावेत. ओलं खोबरं पडलेला मसालेभात आणि मीठ घातलेली कोशिंबीर मात्र त्याच दुपारी संपवावी, उरली तर टाकावी. आमच्या मुंजीत शेवटी उरला दोन-अडीच किलो मसालेभात, तोही खोबरं न घातलेला, आणि सात-आठ लिटर मठ्ठा. मंडप सोडवायला आलेल्या मुलांनी चारच्या उन्हात तो मठ्ठा संपवला.